एकदाच उच्चारलेलं नाव

आण्णांनी मला कधी टोपणनाव पाडलं नाही. त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले तेव्हा याचं मला हायसं वाटलं होतं. पुढे पुढे मात्र वाईट वाटायला लागलं, कारण आमच्या गावात आण्णांनी नाव पाडलेलं नाही असा माणूस म्हणजे दखल घेण्यासारखा नसलेला माणूस. मी वकील, बाई, शिवाय साताऱ्याकडची, म्हणजे खरं तर तीन-तीन निमित्तं होती. एकदा न राहवून विचारलंच. तर म्हणाले, "तुमी अजून उभ्या न्हाई ऱ्हायला वकीलबाई. निवडणुकीला उभ्या ऱ्हावा, मग बगू."

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं आमचं गाव. आण्णा एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण एसटी त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. घरातून बाहेर पडताना ते दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करायचे. डबल बेल. ती दिल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. जेवायला बसले की ताटाशेजारी सुटे पैसे काढून ठेवायचे, का ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आवाज मात्र अस्सल स्टँडवरचा. गल्लीच्या तोंडाशी "आलो!" म्हणाले की माडीवर माझी फाईल बंद व्हायची.

बायको गेलेली, लेक पुण्याला दिलेली. दोन्ही वेळचा डबा यायचा मावशींकडून. मावशी म्हणजे स्टँडमागच्या बोळात पोळीभाजी केंद्र चालवणारी विधवा बाई. तिचा एकुलता मुलगा मिलिटरीत. मीही तिच्याकडेच जेवायची. आण्णा आणि मावशी यांच्यातलं बोलणं बहुतेक डब्याच्या झाकणावरून व्हायचं. "आज मीठ कमी हुतं." "उद्या वाईच जास्त टाकते." एवढंच. पण डबा घ्यायला आण्णा स्वतः जायचे आणि टोपी घालून जायचे. बाकी सगळ्या गावात ते बोडक्यानं फिरायचे.

त्यांचा धंदा, म्हणजे निवृत्तीनंतरचा, नावं पाडण्याचा. तेही फक्त राजकारणातल्या माणसांना आणि मतदारांना. त्याची एक पद्धत होती. सकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, पेपर उघडायचा, आणि कुणाचा तरी विषय निघाला की मान वर न करता एक शब्द टाकायचा. एकदाच. तो शब्द ते पुन्हा उच्चारायचे नाहीत. कुणी "काय म्हणलासा आण्णा?" विचारलं तरी नाही. मग वाट बघायची. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, आठवडी बाजारात अनोळखी माणसाच्या तोंडून तोच शब्द ऐकू आला की आण्णा घरी येऊन चौकटीवर टकटक करायचे आणि मला खालून ओरडून सांगायचे, "गाडी परत आली बगा!"

एक नेते सारखे पक्ष बदलायचे, आणि बदलण्याच्या आदल्या दिवशी हमखास निष्ठेचं भाषण करायचे. आण्णांनी त्यांना 'इंडिकेटर' केलं. डावा दाखवून उजवीकडं वळणारा, हे एसटीवाल्यालाच सुचावं. त्या शब्दाचा प्रवास मी स्वतः पाहिला. टपरीवरून तो स्टँडवर गेला, स्टँडवरून गाड्यांत बसून खेड्याखेड्यांत. मग कुणीतरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये विट्याकडचे गलाईवालेही होते, सोनं गाळायची दुकानं घेऊन पार दक्षिणेत आणि बंगालात बसलेले. दिवसभर भट्टीशी बसणाऱ्या त्या लोकांना गावची मजा म्हणजे जीव की प्राण. त्यांनी त्याचं स्टिकर केलं, नेत्याचा चेहरा आणि कानाशी लुकलुकणारा पिवळा दिवा. ते परत गावात आलं, रील झालं, आणि शेवटी विरोधी पक्षाच्या प्रचाराच्या रिक्षावर कर्ण्यातून वाजायला लागलं. तोवर ते कुणाचं आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आण्णांना तेच हवं असायचं.

मतदारांनाही ते सोडत नसत. एका गल्लीला त्यांनी 'दोन्ही पंगती' नाव दिलं होतं, कारण तिथले लोक दोन्ही पक्षांची मटणाची जेवणं झोडून यायचे. त्या गल्लीत हे नाव सगळ्यात जास्त चाललं. प्रत्येकाला वाटायचं, बोट शेजाऱ्याकडे आहे.

मी त्यांना कायदा सांगायची. "आण्णा, टर उडवणं वेगळं, आरोप करणं वेगळं. माणसाच्या चालण्याला, बोलण्याला, चारचौघांत केलेल्या कामाला हसा. पण 'यानं असं असं वाईट कृत्य केलं' हे नावातून सुचवलंत, आणि त्यानं ते केलेलं नसलं, तर ती बदनामी. आणि पुढारी निदान चव्हाट्यावर उभा असतो, त्याच्या कारभारावर मत द्यायची कायद्यानं मुभा आहे. साध्या माणसाचं तसं नसतं."

"मला म्हाईत हाय की," ते म्हणायचे. "माझा नियमच हाय. डोळ्यानं बगितल्याबिगर नाव न्हाई."

आणि तो नियम ते पाळायचे. एका माजी सभापतींनी दुष्काळात छावणीचा चारा खाल्ला अशी सगळीकडे बोलवा होती. टपरीवरची मंडळी मागं लागली, आण्णा, एक झकास नाव द्या. आण्णांनी पेपर घडी केला. "मी बगितलं न्हाई. तुमी बगितलं आसंल तर तुमी द्या." कुणी दिलं नाही. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो, म्हणून पुढचं सांगणं अवघड जातं.

त्यांच्यावर एकदा खटला होता होता राहिला. आमच्या भागातल्या एका बड्या साहेबांची सवय अशी, की कुणी गेलं तर ते मातीला यायचे नाहीत, सावडायला यायचे नाहीत. यायचे ते थेट तेराव्याला, जेव्हा मांडव असतो, गर्दी असते, फोटोवाला असतो. आण्णांनी त्यांना 'तेरावे साहेब' म्हटलं. नाव असं पसरलं की साहेब लग्नाला गेले तरी वऱ्हाड हसू दाबायचं.

आधी साहेबांचा एक कार्यकर्ता पोलीस ठाण्यात गेला. तिथं त्याला सांगितलं, बदनामीचा गुन्हा अदखलपात्र, आम्ही नोंद करू, पण तपास नाही, कोर्टात जा. तो कोर्टात गेला तर कोर्ट म्हणालं, अब्रू कुणाची गेली? तुमची का साहेबांची? ज्याची गेली त्याला पाठवा. मग साहेबांना स्वतः यावं लागलं. शपथेवर जबाब झाला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, तुम्ही तेराव्याला जाता हे खरं का? साहेब म्हणाले, सवडीनं जातो. नव्या कायद्यात तक्रार दाखल करून घेण्याआधी समोरच्याचंही ऐकून घ्यावं लागतं, म्हणून आण्णांना नोटीस आली आणि मी उभी राहिले. मी एवढंच म्हणाले, की या नावात कसलाही खोटा आरोप नाही. लोकप्रतिनिधीच्या सार्वजनिक वागण्यावर एका मतदारानं दिलेलं मत आहे, झोंबणारं असेल, पण मतच. तक्रार फेटाळली गेली. त्या दिवशी आण्णांनी कोर्टाच्या फाटकावर डबल बेल दिली आणि तिथला शिपाई दचकला.

मला वाटतं, बिघडलं ते तिथून. आपल्या नियमाला कोर्टाचा शिक्का बसला असं त्यांना वाटलं.

त्यानंतर नगरपरिषदेची निवडणूक आली. आमच्या प्रभागातल्या एका उमेदवारानं बायकांना कुकर वाटायला सुरुवात केली. उघड काही नव्हतं, पण गल्लीतल्या घराघरांतून नव्या कुकरच्या शिट्ट्या यायला लागल्या होत्या. आण्णा चिडले होते. मत विकणं या एका गोष्टीवर त्यांना हसता यायचं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी ते टपरीवर बसलेले असताना समोरून मावशी गेली. काखेत कुकरचं नवं कोरं खोकं.

आण्णांनी बघितलं. डोळ्यानं बघितलं. आणि मान खाली घालून एक शब्द टाकला.

"शिट्टी."

टपरीवर कुणी हसलंसुद्धा नाही म्हणे, इतका तो अनपेक्षित होता. मग निकाल लागला आणि कुकरवाला उमेदवार अगदी थोड्या मतांनी निवडून आला. हरलेल्यांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं. कुकर घेतलेल्या बायका पुष्कळ होत्या, पण नाव एकीचंच होतं.

या वेळी गाडी फार लवकर परत आली. मावशी रस्त्यानं निघाली की मागून कुणीतरी तोंडानं कुकरची शिट्टी वाजवायचं. डबे नेणारे लोक विचारायचे, "मावशी, वरण किती मतांत शिजलं?" कुणीतरी बोळात तिचा पाठमोरा फोटो काढला, त्यावर वाफ सोडणारा कुकर चिकटवला, आणि ते स्टिकर ग्रुपवर आलं. गलाईवाल्यांनी ते त्यांच्या ग्रुपवर फिरवलं. फिरत फिरत ते डोंगरातल्या कुठल्याशा चौकीवर असलेल्या तिच्या पोराच्या फोनवर पोचलं.

कुकर त्यानंच आणला होता. सुट्टीवर आला तेव्हा आईसाठी मिलिटरी कॅन्टीनमधून घेतलेला. येताना मामाच्या घरी मुक्काम केला तेव्हा कुकर तिथंच राहिला होता, आणि नेमका त्या दिवशी सकाळी मावशी जाऊन तो घेऊन आली. पोरानं ग्रुपवर तसं लिहिलंही, खोक्यावरचा कॅन्टीनचा शिक्का दाखवणारा फोटोसुद्धा टाकला. त्याच्या खाली लोकांनी शिट्टीची चित्रं टाकली. पोर ग्रुपमधून बाहेर पडलं.

मावशी माझ्याकडे आली ती दुपारी, हात पदराला पुसत. "वकीलबाई, ह्ये नाव काडता येतं का वो?"

मी सांगितलं, येतं. म्हणजे खटला भरता येतो. हे नाव नुसती टर नाही, तुम्ही मत विकलंत असा आरोप त्यात आहे, आणि तो खोटा आहे. तुम्ही पुढारी नाही, साध्या बाई आहात. ही चक्क बदनामी आहे. फक्त तुम्हाला स्वतः तक्रार द्यावी लागेल. पहिल्यांदा कोण म्हणालं ते शोधावं लागेल, ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनाही जबाबदार धरता येतं. ऐकणारे साक्षीदार लागतील. मोबाइलमधलं स्टिकर पुरावा म्हणून द्यायचं तर त्याचं प्रमाणपत्र लागेल.

तिनं सगळं नीट ऐकलं. "म्हंजे साक्षीदार कोर्टात सांगणार, आमी हिला काय म्हणतो ते?"

"हो."

"दर तारखेला?"

ती उठली. "ऱ्हाऊ द्या मग. सांजचा सैपाक ऱ्हायलाय."

मी त्याच पावली खाली आण्णांकडे गेले. शब्द कुणाचा ते मला टपरीवरून आधीच कळलं होतं, मावशीसमोर मात्र ते तोंडातून निघालं नव्हतं. आण्णा पेपर वाचत होते. कॅन्टीनच्या शिक्क्याचा फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"पर मी डोळ्यानं बगितलं वकीलबाई."

"खोकं बघितलंत आण्णा. देणारा हात बघितलात का?"

माणूस असा खाली बसलेला मी दुसरा पाहिला नाही. खुर्चीत ते आधीच बसलेले होते, तरी आणखी खाली बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच कीवही आली. पोरासोरांसारखं रडतील अशी भीती वाटून मी माडीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते मावशीकडे गेले आणि मला बरोबर नेलं. दारातच म्हणाले, "ते नाव माझं हाय. तू माझ्यावर केस कर. मी गुन्हा कबूल करतो. वकीलबाई कागद करत्याल. शिक्षा हू दे, म्हंजे कोर्टाच्या निकालात लिवलं जाईल, की तू कुकर घेतला न्हाईस."

मावशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "मला वाटलंच हुतं, तुमचं आसंल. आवं आण्णा, दुसऱ्या कुणी म्हणलं आसतं तर गावानं कवाच सोडून दिलं आसतं. तुमी खोटं बोलत न्हाई, म्हणून समद्यांना पटलं."

"मग कर की केस!"

"कशाला? तुमी एकदाच म्हणला. गाव रोज म्हणतंय." मग तिनं तवा उतरवला आणि विचारलं, "आज डबा न्हेणार का ठिऊ?"

घरी परतताना ते मला विचारत राहिले, दुसरं कुणी तक्रार देऊ शकत नाही का? तुम्ही? मी स्वतः? मी सांगितलं, साहेबांच्या वेळचं आठवा. जिची अब्रू गेली तिनंच यायला हवं. तिची तयारी नसेल तर तुम्हाला कुणी शिक्षा करू शकत नाही. त्या कलमानं त्यांना साहेबांच्या कार्यकर्त्यापासून वाचवलं होतं. आता तेच कलम त्यांना सुटू देत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं केलं ते. आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडच्या कट्ट्यावर चढले आणि कंडक्टरच्या आवाजात ओरडले, "ऐका हो! मावशीला शिट्टी म्हणणारा मी हाय! मी खोटं बोललो! कुकर तिच्या पोराचा हाय!" पुन्हा पुन्हा ओरडले. आयुष्यभर शब्द एकदाच टाकून गप्प बसणारा माणूस तो शब्द घसा फुटेपर्यंत ओरडत होता. लोकांनी मोबाइल काढले. संध्याकाळपर्यंत त्याचं रील झालं. त्यातलं "मी खोटं बोललो" कापलेलं होतं. "मावशीला शिट्टी" तेवढं ठेवून खाली गाणं लावलं होतं. ज्या खेड्यांत नाव गेलं नव्हतं तिथंही ते गेलं.

त्यानंतर आण्णा टपरीवर गेले नाहीत. घराबाहेर निघताना चौकटीवर हात न्यायचे आणि तसाच खाली घ्यायचे. कुणाचं नाव निघालं तर, "मला न्हाई म्हाईत." इंडिकेटरनं पुन्हा पक्ष बदलला, अख्खं गाव खो खो हसलं, आण्णांनी कुठला पक्ष तेही विचारलं नाही. डबा आणायला मात्र जायचे. मावशीच्या मागोमाग चालायचे, दहा पावलं अंतर ठेवून, म्हणजे शिट्टी वाजवणाऱ्याला आधी हे दिसावेत. थोडे दिवस वाजायची थांबली, मग लोकांना त्याचीही सवय झाली.

त्यांना जास्त आजार नव्हता. अन्न तुटलं आणि आठवड्याभरात गेले. शेवटी शेवटी मावशीनं आणलेली पेज तेवढी घ्यायचे. एकदा तिला म्हणाले, "मीठ बरोबर हाय." ती म्हणाली, "व्हय." मी दारात उभी होते.

तेराव्याला मांडव घातला होता. लेकीनं स्वयंपाक मावशीकडेच सांगितला. पंगत बसली आणि गाड्यांचा ताफा आला. साहेब उतरले. मातीला नाही, सावडायला नाही, बरोबर तेराव्याला. मांडवात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हसू पसरलं. दाबलेलं, पण प्रेमाचं. मीही हसले. आण्णांना याहून चांगली श्रद्धांजली मिळाली नसती असं वाटून माझे डोळे भरून आले. साहेबांनी फोटोला हार घातला, त्यांचाही फोटो निघाला.

तेवढ्यात मावशी वरणाची बादली घेऊन वाढायला आली. आणि पंगतीतून, मघाशी हसू आलं होतं तिकडूनच, हळूच शिट्टी आली. एक, आणि तिला उत्तर म्हणून दुसरी.

मी पानावरून उठले. "कोण आहे रे तो?" कुणी मान वर केली नाही. साहेब शेजारच्याला विचारत होते, काय झालं म्हणून. हारातून आण्णा बघत होते. मी तिथंच उभी, उष्टा हात तसाच.

मावशी माझ्यापर्यंत आली. वरण तिनं पातेल्यात शिजवलं होतं. तो कुकर खोक्यासकट माळ्यावर आहे, अजून उघडलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं माझ्या भातावर डाव रिकामा केला.

"बसा वकीलबाई," ती म्हणाली. "वरण गार हुतंय."